‘झाडाखाली’ आणि ‘खाली बस’: शब्दयोगी, उभयान्वयी आणि इंग्रजीचं प्रिपोझिशन

प्रश्न: आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जणी भरतीचा अभ्यास करतो. इंग्रजीत आठ पार्ट्स ऑफ स्पीच अन् मराठीत आठ शब्दजाती, म्हणून आम्ही जोड्या लावून पाठ केल्या: प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी, कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी. पण सराव परीक्षेत ‘घरात’मधला ‘त’ शब्दयोगी लिहिला तर चूक निघाला. ‘खाली’ कुठं शब्दयोगी तर कुठं क्रियाविशेषण. ‘पाऊस आल्यावर’मध्ये उभयान्वयी दिसतच नाही, इंग्रजीत तर ‘व्हेन’ असते. ‘पण’चं तर काहीच कळत नाही. हे ओळखायचं कसं?

उत्तर:

ताई, तुमच्या जोड्यांपैकी सहा बऱ्यापैकी बसतात. घोळ तुम्ही सांगितलेल्या या दोन जोड्यांत आहे. इंग्रजीतलं एक प्रिपोझिशन मराठीत कधी शब्दयोगी होतं, तर कधी विभक्तीचा प्रत्यय. इंग्रजीतलं कंजंक्शन मराठीत कधी उभयान्वयी, तर कधी चक्क शब्दयोगी. हे का होतं ते एकदा लक्षात आलं की पाठांतराची गरज फार उरत नाही.

आधी ही जोडी आली कुठून ते थोडक्यात. संस्कृत व्याकरणात या आठ जाती नाहीत. यास्काने चार मानल्या (नाम, आख्यात, उपसर्ग, निपात), आणि पाणिनीची पदं मुळात दोन प्रकारची, सुबन्त म्हणजे विभक्ती लागलेली आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाची. आठांची मांडणी ग्रीक-लॅटिनकडून इंग्रजी व्याकरणात आली आणि १९व्या शतकात मराठीच्या शालेय व्याकरणाने ती उचलली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं आहे. म्हणजे साचा बाहेरचा आणि भाषा आपली. साचा जिथे अंगाला घट्ट होतो, नेमक्या तिथेच परीक्षेतले प्रश्न निघतात.

पहिल्या चार जाती विकारी: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. शेवटच्या चार अविकारी, म्हणजे अव्ययं: क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही विकारी-अविकारी वाटणी मराठीच्या कामाची आहे, इंग्रजीच्या तितकी नाही. आपल्याकडे ‘काळा बैल, काळी गाय, काळं वासरू’ असं विशेषण बदलतं. इंग्रजीतलं ‘ब्लॅक’ तिन्ही ठिकाणी तसंच राहतं. म्हणून ‘बदलतो तो विकारी’ ही कसोटी इंग्रजी शब्दांना लावू नका.

आता शब्दयोगीकडे येऊ, कारण तुमचे तीन प्रश्न तिथेच अडकले आहेत.

नावातच व्याख्या आहे: शब्दाशी योग पावणारं. ते नामाला किंवा सर्वनामाला मागून जोडून येतं आणि वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाशी त्याचा संबंध दाखवतं. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द नामाच्या आधी आणि सुटा येतो, ‘अंडर द ट्री’. आपल्याकडे ‘झाडाखाली’. जागा बदलली एवढाच फरक असता तर सोपं होतं. खरा फरक असा की शब्दयोगी जोडताना आधीच्या नामाचं रूप बदलतं. ‘झाड’चं ‘झाडा’ झालं, मग ‘खाली’ लागलं. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. ‘धुरा’चं ‘धुऱ्या’, ‘तूर’चं ‘तुरी’, ‘रस्ता’चं ‘रस्त्या’. इंग्रजीत असा बदल फक्त सर्वनामांत उरला आहे: ‘ही’चं ‘विथ हिम’ होतं, पण ‘ट्री’चं काही होत नाही.

म्हणून ‘खाली’चा निकाल लावायला त्याच्या आधीच्या शब्दाकडे बघा. ‘आजी झाडाखाली बसली’ यात ‘झाडा’ हे सामान्यरूप आहे आणि ‘खाली’ त्याला चिकटलं आहे. तेव्हा ते शब्दयोगी. ‘आजी खाली बसली’ यात ‘आजी’शी ‘खाली’चा काही संबंध नाही. कुठे बसली, हे ते सांगतं, म्हणजे क्रियापदाबद्दल बोलतं. तेव्हा ते क्रियाविशेषण. वर, पुढे, मागे, आत, बाहेर, जवळ, समोर, नंतर हे सगळे शब्द असे दोन्हीकडे चालतात. इंग्रजीतही तसंच आहे: ‘कम इन’मधलं ‘इन’ ॲडव्हर्ब, ‘इन द हाउस’मधलं प्रिपोझिशन. शब्दाची जात कपाळावर लिहून येत नाही, वाक्यातल्या कामावरून ठरते.

इथे एक अडचण येते. ‘गाडीखाली’, ‘आईसाठी’, ‘नदीपुढे’ यांत नाम बदललेलं दिसतच नाही, कारण अशा ईकारान्त स्त्रीलिंगी नामांचं एकवचनी सामान्यरूप मूळ रूपासारखंच असतं. अशा वेळी त्या जागी आकारान्त पुल्लिंगी नाम घालून बघायचं. ‘घोडा’ हे नाम यासाठी कायम हाताशी ठेवा. ‘गाडीखाली’च्या जागी ‘घोड्याखाली’ म्हणावं लागतं, ‘घोडाखाली’ म्हणता येत नाही. म्हणजे सामान्यरूप आहे, ‘गाडी’त ते फक्त लपलं होतं.

हाच घोडा ‘सुद्धा’, ‘च’, ‘ही’, ‘देखील’ यांच्यापुढे उभा करा. ‘घोडासुद्धा थकला’ म्हणतो, ‘घोड्यासुद्धा थकला’ म्हणत नाही. म्हणजे हे शब्द जोडून येतात, पण सामान्यरूप घडवत नाहीत. व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात: च, ही, सुद्धा, देखील, मात्र, पण, ना. तुमची ‘प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी’ ही जोडी इथे पूर्ण तुटते. यांचा अर्थ इंग्रजीत ‘ओन्ली’, ‘ऑल्सो’, ‘ईव्हन’ असा जातो आणि तिथे ते ॲडव्हर्ब ठरतात. शुद्ध शब्दयोगी प्रत्ययानंतर किंवा दुसऱ्या शब्दयोगीनंतरही येतं: ‘वावरातच’, ‘मलाही’, ‘धुऱ्यावरसुद्धा’. आपल्याकडे बोलताना ‘ही’च्या जागी ‘बी’ येतं, ‘मी बी येतो’. काम तेच, जातही तीच. लिहिताना फक्त ‘मीही’ लिहा.

आता ‘घरात’चा ‘त’. सामान्यरूप तर इथेही झालं आहे, ‘घर’चं ‘घरा’. मग हे शब्दयोगी का नाही? कारण ‘त’ हा सप्तमी विभक्तीचा प्रत्यय आहे आणि सामान्यरूप प्रत्ययापुढेही होतं, शब्दयोगीपुढेही होतं. दोघांत फरक करायला व्याकरणाने प्रत्ययांची यादी बंद करून टाकली आहे: स, ला, ते, ने, ए, शी, ऊन, हून, चा, ची, चे, त, ई, आ. अनेकवचनात यांचीच थोडी वेगळी रूपं होतात. ही यादी मात्र खरोखर पाठ करा, कारण ती लहान आहे. नामाला लागलेला तुकडा यादीत असेल तर प्रत्यय, नसेल तर शब्दयोगी.

स्थळ दाखवणाऱ्या शब्दांपुरती आणखी एक खूण वापरता येते. मध्ये ‘च्या’ घालून बघा. ‘झाडाखाली’चं ‘झाडाच्या खाली’ होतं, ‘घरापुढे’चं ‘घराच्या पुढे’ होतं. ‘घरात’चं ‘घराच्या त’ होत नाही, कारण ‘त’ला स्वतःचं असं अस्तित्वच नाही. साठी, पर्यंत, पेक्षा यांना ही खूण नीट लागू पडत नाही, तिथे यादीच बघा.

यातून इंग्रजीचं एकेक प्रिपोझिशन आपल्याकडे कुठे जाऊन पडतं ते बघा. ‘इन’ गेलं ‘त’कडे, म्हणजे प्रत्ययाकडे, पण ‘घरामध्ये’ म्हणालात तर ‘मध्ये’ शब्दयोगी. अर्थ एकच, जात वेगळी. ‘ऑन’ गेलं ‘वर’कडे, शब्दयोगीकडे. ‘टु’ माणसापुढे ‘ला’ होतं आणि दिशेसाठी ‘कडे’: ‘आईला दिलं’ प्रत्यय, ‘आईकडे गेली’ शब्दयोगी. ‘फ्रॉम’ कधी ‘हून’, कधी ‘पासून’: ‘नागपूरहून’ प्रत्यय, ‘सकाळपासून’ शब्दयोगी. ‘ॲट होम’चं तर ‘घरी’ होतं, नुसता ‘ई’. त्यामुळे इंग्रजी वाक्य मनात आणून मराठी जात ठरवायला गेलात की चूक ठरलेली. मराठी शब्द फोडा आणि त्याच्या शेवटाला काय लागलं आहे ते बघा.

फोडताना लेखनाची चूकही सापडते. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहायचं. आपल्या भागात हिंदी रोज कानावर आणि डोळ्यांवर असते. हिंदीत ‘घर में’, ‘खेत पर’ असं सुटं लिहितात. त्या सवयीने ‘शेता मध्ये’, ‘टेबल वर’, ‘रस्ता वर’ असं लिहिलं जातं. ‘शेता मध्ये’त फक्त तोडलं आहे, जोडलं की झालं. ‘रस्ता वर’मध्ये दुहेरी चूक आहे: तोडलंही आहे आणि सामान्यरूपही केलेलं नाही. बरोबर रूप ‘रस्त्यावर’. आणि तोडून लिहिलं की वाचणाऱ्याला ‘वर’ क्रियाविशेषण वाटू शकतं, हे नुकसान वेगळंच.

एक अपवाद नोंदवून पुढे जातो. ‘सारखा’ आणि ‘जोगा’ यांना शब्दयोगी अव्यय म्हणतात, पण ते बदलतात: ‘तुझ्यासारखा मुलगा, तुझ्यासारखी मुलगी’. अव्यय म्हणजे न बदलणारं, या व्याख्येत हे बसत नाहीत. परीक्षेत ते शब्दयोगींच्या यादीत येतात, तेव्हा उत्तर तसंच द्यायचं. पण ते बदलताना दिसले म्हणून गोंधळू नका, तुमची नजर बरोबर आहे.

आता उभयान्वयी. उभय म्हणजे दोन, अन्वय म्हणजे संबंध. दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणारं. ते सुटं उभं राहतं आणि आधीच्या शब्दाच्या रूपाला हात लावत नाही. ‘घोडा आणि बैल’ म्हणतो, ‘घोड्या आणि बैल’ नाही. यावरून एक छान फरक दिसतो. ‘बाप आणि लेक बाजारात गेले’ आणि ‘बापासोबत लेक बाजारात गेला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. गेली दोन्हीकडे दोनच माणसं. पण ‘आणि’ने दोघांना बरोबरीने जोडलं, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘सोबत’ने बापाला सामान्यरूपात टाकून लेकाच्या मागे लावलं, म्हणून क्रियापद एकट्या लेकाप्रमाणे. जोडण्याचा अर्थ दोन्हीत आहे, म्हणून अर्थावर जात ठरवू नका.

‘पण’चा निकालही इथे लागतो. ‘पाऊस आला, पण पेरणी झाली नाही.’ इथे ‘पण’च्या दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण वाक्य आहे आणि ‘पण’ काढून ‘परंतु’ घालता येतो. उभयान्वयी, न्यूनत्वबोधक. ‘मीपण येते.’ इथे ‘पण’ काढून ‘सुद्धा’ घालता येतं, ‘परंतु’ घालता येत नाही. शुद्ध शब्दयोगी. ‘परंतु की सुद्धा’ एवढं विचारलं की झालं. इंग्रजीत पहिल्याचं ‘बट’ होईल, दुसऱ्याचं ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’, म्हणजे हा गोंधळ तिथे होतच नाही.

‘कारण’ आणि ‘म्हणून’ही असेच दोन घरचे. ‘ती आली नाही, कारण एसटी चुकली’ यात ‘कारण’ उभयान्वयी. ‘उशिराचं कारण सांग’ यात नाम, कारण त्याचं ‘कारणाने’, ‘कारणाला’ करता येतं. ‘एसटी चुकली म्हणून ती आली नाही’ यात उभयान्वयी. ‘येते म्हणून ती निघाली’ यात म्हणण्याची क्रिया खरोखर घडली आहे, तेव्हा ते ‘म्हणणे’चं कृदन्त, म्हणजे क्रियापदापासून घडलेलं पण स्वतः वाक्य पूर्ण न करणारं रूप. आणि ‘की’ कायम दीर्घ लिहा, मग तो ‘चहा की कॉफी’मधला विकल्पाचा असो की ‘ती म्हणाली की’मधला स्वरूपाचा. ‘आणि’ मात्र ह्रस्व.

आपल्या बोलीतला एक ‘त’ इथे सांगितलाच पाहिजे. ‘पाऊस आला त पेरतो, नाही त थांबतो.’ हा ‘त’ म्हणजे ‘तर’, उभयान्वयी, संकेतबोधक. ‘वावरात’मधला ‘त’ सप्तमीचा प्रत्यय. उच्चार सारखा, पण एक सुटा उभा आहे आणि त्याच्या आधी पूर्ण वाक्य आहे. दुसरा नामाच्या सामान्यरूपाला चिकटला आहे. बोलीतल्या वाक्याची जात काढता येत नाही असं काही नाही, उलट सराव तिथेच चांगला होतो.

आता ‘पाऊस आल्यावर’. माझ्या मते मराठी आणि इंग्रजीतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि शिकवताना तो बहुधा राहून जातो. इंग्रजीला दोन घटना जोडायच्या असल्या की दोन पूर्ण वाक्यं करून मध्ये कंजंक्शन ठेवण्याची सवय आहे. मराठी पहिल्या घटनेच्या क्रियापदाचं कृदन्त करते, त्याचं सामान्यरूप करते आणि त्याला शब्दयोगी लावते. ‘आल्या’ + ‘वर’. ‘वर’चं काम इथे ‘झाडावर’मधल्यासारखंच आहे, फक्त झाडाच्या जागी घटना आली. अशी जोडणी आपण दिवसभर करतो: ‘पेरणी झाल्यापासून’, ‘पाऊस येईपर्यंत’, ‘निंदण झाल्यानंतर’, ‘पाऊस न आल्यामुळे’. इंग्रजीत हे सिन्स, अन्टिल, आफ्टर, बिकॉज, म्हणजे चारही कंजंक्शन. मराठीत पासून, पर्यंत, नंतर, मुळे, म्हणजे चारही शब्दयोगी. ‘कापसापेक्षा तूर बरी’मधलं ‘पेक्षा’ही बघा. इंग्रजीतलं ‘दॅन’ परंपरेने कंजंक्शन आहे, आपलं ‘पेक्षा’ शब्दयोगी.

याचा परिणाम वाक्यप्रकारावर होतो आणि तिथे हमखास गुण जातात. ‘पाऊस आल्यावर शाळा सुटली’ हे केवल वाक्य आहे, कारण पूर्ण क्रियापद एकच, ‘सुटली’. याचं इंग्रजी भाषांतर ‘व्हेन’ घालून केलं की ते कॉम्प्लेक्स सेंटेन्स होतं. इंग्रजीत मिश्र आहे म्हणून मराठीत मिश्र लिहिलं की उत्तर चुकलं. पूर्ण क्रियापदं मोजा, भाषांतर करू नका.

एक वाक्य अथपासून इतिपर्यंत फोडून बघू: ‘पाऊस थांबल्यावर आई धुऱ्यावरून वावरात गेली, पण तुरीखाली पाणी साचलं होतं म्हणून लगेच परत आली.’

आधी पूर्ण क्रियापदं काढा: गेली, साचलं होतं, आली. ‘थांबल्या’ हे कृदन्त, ते मोजायचं नाही. तीन पूर्ण वाक्यं, त्यांना जोडणारे दोन शब्द: ‘पण’ आणि ‘म्हणून’. ‘पण’च्या जागी ‘परंतु’ बसतं, तेव्हा उभयान्वयी, न्यूनत्वबोधक. ‘म्हणून’मध्ये म्हणण्याची क्रिया नाही, तेव्हा उभयान्वयी, परिणामबोधक. मग ज्या शब्दांच्या शेवटी काही जोडलेलं दिसतं ते घ्या. ‘थांबल्यावर’मध्ये कृदन्ताच्या सामान्यरूपाला ‘वर’, शब्दयोगी. ‘धुऱ्यावरून’मध्ये ‘धुऱ्या’ला ‘वरून’, शब्दयोगी. इथे शेवटचा ‘ऊन’ पाहून पंचमीचा प्रत्यय लिहिण्याचा मोह होतो, पण तो ‘ऊन’ ‘वर’ला लागला आहे, ‘धुऱ्या’ला लागलं ते अख्खं ‘वरून’. ‘वावरात’मध्ये ‘त’, यादीतला, म्हणून प्रत्यय. शब्द मात्र नामच राहतो. ‘तुरीखाली’मध्ये ‘तुरी’ला ‘खाली’, शब्दयोगी. उरले ते सोपे: ‘पाऊस, आई, पाणी’ नामं, ‘लगेच, परत’ क्रियाविशेषणं. ‘लगेच’चा ‘च’ तोडून शुद्ध शब्दयोगी दाखवू नका, आज तो एकजीव शब्द आहे.

हेच वाक्य इंग्रजीत नेलं तर ‘थांबल्यावर’मधल्या ‘वर’चं ‘आफ्टर’ हे कंजंक्शन होईल, ‘वावरात’च्या ‘त’चं ‘टु’ हे प्रिपोझिशन, आणि शेवटच्या ‘आली’आधी ‘शी’ हे सर्वनाम घालावं लागेल, जे आपल्या वाक्यात नाही, कारण ‘आली’ हे रूपच आलेली बाई आहे हे सांगतं.

प्रश्नपत्रिकेत अधोरेखित भाग किती आहे तेही नीट बघा. ‘झाडाखाली’मधलं फक्त ‘खाली’ अधोरेखित असेल तर शब्दयोगी. ‘वावरात’ पूर्ण अधोरेखित असेल आणि जात विचारली असेल तर नाम. फक्त ‘त’ अधोरेखित असेल तर विभक्तिप्रत्यय. तुमच्या सराव परीक्षेत बहुधा दुसरा प्रकार होता.

केवलप्रयोगीवर फार लिहीत नाही, कारण इंग्रजी इंटरजेक्शनशी ती जोडी चांगली बसते. ‘अरेरे’, ‘शाब्बास’, आपल्याकडचं ‘बाप्पा!’ हे वाक्यातल्या कशालाच जोडलेलं नसतं, काढलं तरी वाक्य पूर्ण राहतं. क्रियाविशेषणात मात्र एक खाच आहे: ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते.’ ‘चांगला’ इथे गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, पण रूप बदलतं. इंग्रजीत इथे न बदलणारं ‘वेल’ येतं. अशा शब्दाला क्रियाविशेषण म्हणा, ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणू नका. ‘तो हळू गातो, ती हळू गाते’मधलं ‘हळू’ बदलत नाही, ते अव्यय.

तुम्ही सात-आठ जणी आहात, तर रोज प्रत्येकीने घरात किंवा वावरात कानावर पडलेलं एक वाक्य आणावं आणि वरच्या क्रमाने फोडावं: आधी पूर्ण क्रियापदं, मग सुटे जोडणारे शब्द, मग शब्दांचे शेवट प्रत्ययांच्या यादीशी ताडून, जिथे शंका तिथे ‘घोडा’ घालून. ‘आल्यावर’, ‘झाल्याबरोबर’, ‘केल्याशिवाय’ अशी कृदन्ताला चिकटलेली शब्दयोगी वेगळ्या पानावर लिहीत जा, कारण पुस्तकातल्या याद्यांत उदाहरणं बहुतेक नामांचीच असतात.